चौकटीत उतरलेला बायोडाटा

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्यानं निघालं, की वीसेक किलोमीटरवर अर्धापूर लागतं. बाहेरच्या माणसाला हे गाव केळीमुळं ठाऊक असतं. तालुक्याचं ठिकाण असल्यामुळं इथं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांचीही कमतरता नाही, आणि त्यातलं एक माझं आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा हे नेहमीचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या फॉर्मची भर पडली. सरकारी भरतीच्या फॉर्मला बायोडाटा लागत नाही. तिथं गुण, जात, जन्मतारीख भरली की झालं. पुण्याची किंवा संभाजीनगरची कंपनी मात्र तुम्ही काय काम केलंय ते तुमच्या शब्दांत मागते, आणि ते शब्द टाकायला स्क्रीनवर एक रिकामी चौकट देते.

पोरं येतात ती छापलेला, रंगीत बायोडाटा घेऊन. डाव्या बाजूला निळा पट्टा, त्यात फोटो, खाली भाषांपुढं पाच-पाच चांदण्या. त्यांचा समज असा, की एवढा देखणा कागद तयार आहे तर आता नुसता अपलोड करायचा. करतातही. फॉर्म त्या फाईलमधून आपल्या परीनं नाव, गाव, शिक्षण उचलतो आणि चौकटी भरून दाखवतो. आडनावाच्या जागी गावाचं नाव आलेलं असतं, कंपनीच्या जागी ‘संगणक कौशल्य’. मग ते सगळं पुसून हातानं भरावं लागतं. हातानं भरायचं म्हणजे बायोडाट्यातून कॉपी करायचं आणि चौकटीत पेस्ट करायचं. खरी गंमत तिथून सुरू होते.

एका मुलीचंच सांगतो. मालेगावची. नाशिकचं मालेगाव नव्हे, आमच्या तालुक्यातलं. बी.एस्सी. झालेली, आणि नंतर केळीच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासायच्या कामावर. पुण्याकडच्या एका खाद्यपदार्थाच्या कंपनीत गुणवत्ता विभागात जागा निघाली होती. बायोडाटा नांदेडच्या कोण्या मित्रानं वर्डमध्ये करून दिलेला. अनुभवाच्या चौकटीत तिनं तो पेस्ट केला आणि मला हाक मारली, “काका, हे असं कामून दिसायलंय?”

स्क्रीनवर हे होतं:

```
Ø Quality checking of banana
Ø Responsible for team handling
ü MS-CIT
§ Farmerâ€™s register
```

तिला वाटलं व्हायरस आलाय. व्हायरस वगैरे काही नव्हता. वर्डमध्ये बाण, बरोबरची खूण आणि काळा चौकोन ही बुलेटची चिन्हं बहुतेक वेळा विंगडिंग्ज नावाच्या फॉन्टमधून येतात. त्या फॉन्टमध्ये `Ø` च्या जागी बाण काढलेला असतो, `ü` च्या जागी बरोबरची खूण, `§` च्या जागी चौकोन. फॉर्मची चौकट फॉन्ट ठेवत नाही, नुसती अक्षरं ठेवते. फॉन्ट गळाला की बाणाखाली दडलेलं मूळ अक्षर उघडं पडतं. शेवटच्या ओळीतला `â€™` हा वेगळाच प्रकार. वर्ड आपण टाइप केलेलं सरळ अवतरणचिन्ह परस्पर वाकडं करून टाकतो. ते वाकडं चिन्ह एका पद्धतीनं साठवलं आणि समोरच्या यंत्रणेनं दुसऱ्या पद्धतीनं वाचलं, की एकाची तीन अक्षरं होतात. दोन सालांच्या मध्ये येणाऱ्या लांब रेघेचंही तेच. तिचं `â€“` होतं, आणि ‘२०२१ ते २०२४’ हा साधा काळ कंपनीतल्या माणसाला कोड्यासारखा दिसतो.

ही घाण साफ करणं सोपं आहे. बुलेट काढून साधी आडवी रेघ म्हणजे हायफन टाकायची, वाकडी अवतरणं सरळ करायची, लांब रेघेऐवजी ‘to’ लिहायचं. दहा मिनिटांचं काम. बहुतेक दुकानांत इथवरच करतात आणि पन्नास रुपये घेतात. पण तेवढ्यानं बायोडाटा चौकटीत उतरत नाही, कारण अक्षरांबरोबर आणखी काहीतरी गळालेलं असतं आणि ते स्क्रीनवर दिसत नाही.

तिच्या बायोडाट्यात शिक्षणाचा तक्ता होता. कागदावर नीट दिसत होता: आडव्या चार रकान्यांत परीक्षा, मंडळ किंवा विद्यापीठ, वर्ष, टक्के. एका ओळीच्या चौकटीत पेस्ट केल्यावर त्याचं असं झालं:

```
Exam Board/University Year % HSC Latur Board 2018 61.23 B.Sc. SRTMUN 2021 68.40
```

एकही अक्षर हरवलेलं नाही. हरवल्या त्या तक्त्याच्या रेघा. ६१.२३ हे बारावीचे टक्के आहेत हे त्या रेघा सांगत होत्या, शब्द सांगत नव्हते. तसंच चांदण्यांचं. मराठीपुढं पाच, हिंदीपुढं चार, इंग्रजीपुढं तीन. चांदण्या म्हणजे चित्र, त्यामुळं चौकटीत फक्त ‘मराठी हिंदी इंग्रजी’ एवढंच आलं आणि तिन्ही सारख्याच येतात असा अर्थ झाला. मोबाईल नंबर तर आलाच नाही. तो पानाच्या अगदी वर, हेडरमध्ये होता. वर्डमध्ये `Ctrl+A` केलं की मधला मजकूर निवडला जातो, हेडर-फूटर नाही. पोरांना हे ठाऊक नसतं, आणि दोन पानी बायोडाट्यात नंबर हेडरमध्ये टाकायची पद्धत फार.

म्हणून मी आता बायोडाटा ‘साफ’ करत नाही, पुन्हा लिहून घेतो. चौकटीत गेल्यावर शब्द आणि त्यांचा क्रम एवढंच उरतं. ठळक अक्षर, रंग, रकाना, मोकळी जागा यांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं शब्दांत आणि क्रमात सांगावं लागतं. लग्नाच्या जेवणात वाटीतली भाजी, पानातली चटणी आणि वाफाळता भात एकाच डब्यात भरून दिला तर घरी उघडणाऱ्याला सांगावं लागतं, काय कशाबरोबर खायचं ते. तसं आहे हे.

तिच्या तक्त्याच्या जागी दोन वाक्यं आली: बी.एस्सी., विद्यापीठाचं नाव, २०२१, ६८.४० टक्के, बारावी विज्ञान, लातूर विभागीय मंडळ, २०१८, ६१.२३ टक्के. नवं शिक्षण आधी, जुनं नंतर. चांदण्यांच्या जागी तिला मी विचारलं, इंग्रजी म्हणजे नक्की काय येतं? ती म्हणाली, “वाचता येतं, लिहिता येतं. बोलायचं म्हणलं तर जरा तयारी करावी लागती.” तेच लिहिलं. तीन चांदण्यांपेक्षा त्यातून समोरच्याला जास्त कळतं असं माझं मत आहे. ज्यानं चांदण्या काढायची टूम आणली त्याला कधी कुणी विचारलं नसेल, की पाचातल्या तीन म्हणजे काय.

मोठं काम अनुभवाचं होतं. फॉर्मच्या त्या चौकटीला ५०० अक्षरांची मर्यादा होती. तिचा मूळ मजकूर त्याच्या दुपटीवर, आणि त्यातला बराचसा भाग कुठल्याही बायोडाट्यात चालेल असा. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’, ‘हार्ड वर्किंग’, ‘टीम हँडलिंग’. मी तो बाजूला ठेवला आणि पॅकहाऊसमध्ये सकाळी गेल्यापासून काय करायची ते सांगायला लावलं.

घड शेतातून येतात. फण्या सुटतात. तुरटीच्या पाण्याच्या टाकीतून धुऊन निघतात, नाहीतर चिकाचे डाग पडतात. ही मुलगी टाकीच्या पुढं उभी. कॅलिपरनं केळाची जाडी बघायची, टेपनं लांबी. डाग पडलेली, ओरखडा असलेली, एखादं केळ पिवळं पडायला लागलेली फणी बाजूला काढायची. एक पिकतं केळ खोक्यात गेलं तर सगळा खोका पिकवतं, म्हणून त्याच्यावर नजर जास्त. मग खोका वजनाला, तेरा किलोचा. आणि दर लॉटला वहीत नोंद: शेतकरी कोण, किती वाजता आला, किती खोके भरले, किती किलो माल नाकारला. ही वही बायोडाट्यात जवळजवळ नव्हतीच. होती ती `Farmer's register` अशा दोन शब्दांत, तीही सगळ्यात शेवटी. मी म्हणालो, अगं, गुणवत्ता विभागाला हवी ती हीच गोष्ट. माल का नाकारला याची लेखी नोंद ठेवणारं माणूस.

चौकटीत शेवटी गेलं ते हे:

```
Quality checker, banana packhouse, Ardhapur taluka, Oct 2021 to May 2024. Daily wage, about 10 months a year.
- Checked finger thickness with calliper and length with tape; removed hands with latex stain, scar or ripe finger.
- Kept lot-wise register: farmer, time, boxes packed, kg rejected.
- Weighed each 13 kg box before it went to cold room.
```

चारशेच्या आत बसलं. दीडशेएक अक्षरं मुद्दाम शिल्लक ठेवली, आणि त्याला कारण आहे. ओळ तोडायला आपण एन्टर मारतो ते स्क्रीनवर एक अक्षर मोजलं जातं, पण काही यंत्रणा ते पाठवताना दोन अक्षरं धरतात. स्क्रीनवरचा मोजणीचा आकडा ‘५०० पैकी ४९९’ म्हणतो आणि सबमिट केल्यावर फॉर्म परत येतो, मजकूर मोठा झाला म्हणून. काही फॉर्म परत पाठवायचेही कष्ट घेत नाहीत. शेवटचे शब्द गुपचूप कापतात. म्हणून मजकूर काठोकाठ भरायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या ओळीत ठेवायचं. तारीखही पहिल्याच ओळीत, आणि महिना अक्षरात. `05/06/2024` म्हणजे पाच जून की सहा मे, हे वाचणारा कुठं बसलाय त्यावर ठरतं.

ओळी कुठं तोडायच्या याचंही भान लागतं. पीडीएफमधून कॉपी केलं की छापील कागदावर जिथं ओळ संपली तिथं तिथं एन्टर येतो. रुंद चौकटीत अर्धी ओळ, मग मोकळं, मग पुढची अर्धी ओळ असा मजकूर दिसतो. दोन रकान्यांचा बायोडाटा असेल तर डाव्या रकान्यातला छंद उजव्या रकान्यातल्या कंपनीच्या नावाला येऊन चिकटतो. माझा नेम साधा आहे: एन्टर फक्त नवा मुद्दा सुरू होताना. वाक्य कितीही लांब असलं तरी चौकट ते स्वतः वळवून घेते.

विद्यापीठाचं नाव हे आमच्या भागातल्या पोरांचं खास दुखणं. नांदेडचं विद्यापीठ १९९४ साली झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं. नांदेड-लातूरकडच्या बहुतेक पोरांच्या पदवीवर तेच नाव. `Swami Ramanand Teerth Marathwada University, Nanded` हे मोजलं तर मोकळ्या जागांसकट ५१ अक्षरं भरतं. विद्यापीठाची चौकट पुष्कळदा ५० अक्षरांची असते. पेस्ट केलं की नांदेडचं `Nande` होतं. मुलाखतीला बोलावणाऱ्याला वाटतं, पोराला स्वतःच्या विद्यापीठाचं गाव लिहिता येत नाही. मी स्वल्पविराम आणि नांदेड दोन्ही काढून टाकतो, नाव ४३ अक्षरांत पूर्ण होतं आणि गाव पुढच्या चौकटीत जातं. `SRTMUN` असं आखूड रूप मात्र टाळतो. आपल्याला ते कळतं. पुण्याच्या माणसाला कळेलच असं नाही, आणि त्यानं शोधताना पूर्ण नाव टाइप केलं तर हा अर्ज त्याच्यासमोर येणारच नाही.

गावाचं तसंच. त्या मुलीनं `Malegaon` टाइप करायला घेतलं तर यादीतून नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव आपोआप वर आलं. आमच्या नांदेड जिल्ह्यातच दोन आहेत, एक अर्धापूर तालुक्यात आणि दुसरं लोहा तालुक्यात, खंडोबाच्या यात्रेचं. कागदावर पत्ता चार ओळींत असतो आणि वाचणारा पुढच्या ओळीवरून ओळखतो. चौकटीत गावाची ओळ एकटीच पडते. म्हणून पत्त्याची पहिली ओळच ‘मालेगाव, तालुका अर्धापूर’ अशी केली, जिल्हा आणि पिनकोड त्यांच्या चौकटीत.

नावाचीही अशीच कथा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. बायोडाट्यातून पूर्ण नाव उचलून पहिल्या चौकटीत टाकलं, की वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. मी फाईलमध्ये तीन वेगळ्या ओळी ठेवतो: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव. पूर्ण नावाची चौथी ओळ वेगळी, गुणपत्रिकेवर आहे तशी.

आता एक अवघड जागा, जी मला सगळ्यात जास्त वेळा भेटते. मोबाईल नंबर पेस्ट केला की फॉर्म म्हणतो, दहा अंकी नंबर टाका. पोरगं म्हणतं, दहाच तर हैत, मोजा. मोजले तर नऊच दिसतात. शेवटचा आकडा गेलेला असतो. होतं असं, की नंबर फोनच्या संपर्क-यादीतून किंवा व्हॉट्सअॅपवरून उचललेला असतो आणि त्याच्यापुढं एक न दिसणारं चिन्ह येतं. मजकूर डावीकडून उजवीकडे लिहायचा की उलट, हे संगणकाला सांगणारं ते चिन्ह, कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. चौकट दहाच अक्षरं घेते. पहिलं हे अदृश्य, मग नऊ आकडे, आणि दहावा बाहेर. `+91` लावलेला नंबर टाकला तरी असाच शेवट कापला जातो, पण ते निदान दिसतं तरी.

ओळखायची खूण अशी: नंबर नोटपॅडमध्ये टाकायचा आणि बाणाचं बटण एकेक दाबत पुढं जायचं. एखाद्या ठिकाणी बटण दाबूनही कर्सर हलला नाही, की तिथं काहीतरी लपलेलं आहे. दुसरी युक्ती इंग्रजी फाईलसाठी. नोटपॅडमध्ये `Save As` करून एन्कोडिंगच्या जागी `ANSI` निवडायचं. फाईलमध्ये त्या संचाबाहेरचं काही असेल तर नोटपॅड आधीच बजावतो, की काही अक्षरं जातील. तरी सेव्ह करून पुन्हा उघडलं की त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. पण या चाळणीत सगळंच अडकत नाही. वाकडी अवतरणं आणि लांब रेघ त्या संचात बसतात, त्यामुळं तशीच पार होतात. न तुटणारी मोकळी जागाही पार होते. ती दिसायला साध्या जागेसारखीच, पण फॉर्म तिला वेगळं अक्षर मानतो. ती मी वर्डमध्येच पकडतो. शोधा-बदला मध्ये शोधायच्या जागी `^s` लिहायचं, बदलायच्या जागी स्पेसबार एकदा दाबायचा, आणि सगळं बदलून घ्यायचं. आणि मोबाईल नंबर? तो मी कधीच पेस्ट करत नाही. दहा आकडे टाइप करायला लागतो तेवढा वेळ लागू द्यावा.

सगळं मराठीत मागणारे फॉर्मही येतात. एखादी सामाजिक संस्था गावपातळीवर कामाला माणूस घेते आणि ‘तुमच्या कामाबद्दल मराठीत लिहा’ अशी चौकट देते. तेव्हा कुणीतरी जुन्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली फाईल आणतं. कागदावर स्वच्छ ‘अनुभव’ छापलेलं असतं, चौकटीत `vuqHko` उमटतं. हा कृतिदेवचा प्रताप. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं, `v` च्या जागी अ, `u` च्या जागी न. श्रीलिपीसारख्या इतर जुन्या पद्धतींतही तत्त्व तेच, मांडणी निराळी. विंगडिंग्जच्या बाणाचा आणि याचा रोग एकच. तपासायला मजकूर निवडून फॉन्ट मंगल करायचा. मराठी टिकली तर युनिकोड आहे, इंग्रजीची खिचडी झाली तर जुना फॉन्ट. फिरवून देणारी साधनं मिळतात, पण फिरवल्यावर छापील कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते. रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकतात. ‘कार्य’चं भलतंच काही झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय. दोन-चार ओळींचा मजकूर असेल तर सरळ पुन्हा टाइप करणं बरं.

मराठीत मर्यादेचा हिशोबही फसवा. ‘राष्ट्रीय’ आपण वाचतो तेव्हा तीन अक्षरं: रा, ष्ट्री, य. फॉर्म मोजतो नऊ. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातले दोन हलन्त वेगळे. तेव्हा ५०० अक्षरांच्या चौकटीत मराठी किती मावेल याचा अंदाज डोळ्यानं करू नये. आणि गुण, वर्ष, नंबर यांच्या चौकटीत आकडे इंग्रजीच हवेत. मराठी २०२१ टाकलं की बहुतेक फॉर्म ‘फक्त अंक’ म्हणून परत फिरवतात, जणू आपले अंक अंकच नाहीत.

फोनवरून फॉर्म भरणाऱ्यांची वेगळी तऱ्हा. पोरं बायोडाट्याचा मजकूर स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवतात. शीर्षक ठळक करायला दोन्ही बाजूंना चांदणी लावतात, आणि कॉपी केलं की ती चांदणी तशीच चौकटीत जाते: `*Work Experience*`. दोन-तीन संदेश एकदम निवडून कॉपी केले तर प्रत्येकाआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव येतं. एका पोराच्या अनुभवाच्या चौकटीत पहिलीच ओळ `[12/05, 10:31 pm] Papa:` अशी होती. वडिलांनीच पुढं पाठवला होता मजकूर.

त्या मुलीसाठी शेवटी जी फाईल केली ती नोटपॅडमधली साधी `.txt`. वरपासून खालपर्यंत फॉर्मच्या क्रमानं: नाव तीन ओळींत, पत्ता, शिक्षण, अनुभव लांब आणि अनुभव आखूड, कौशल्यं स्वल्पविरामानं एका ओळीत आणि तीच एकाखाली एक. दोन्ही रूपं ठेवतो, कारण फॉर्म कधी एक मागतात, कधी दुसरं. शीर्षकं मोठ्या अक्षरांत, त्यांच्याखाली एक मोकळी ओळ. सेव्ह करताना एन्कोडिंग `UTF-8`. वर्डमधूनच `Plain Text` करायचं असेल तर मध्ये एक खिडकी येते. तिथं आधीच निवडलेलं `Windows (Default)` तसंच राहू दिलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. `Other encoding` मधून `Unicode (UTF-8)` घ्यायचं आणि ओळी तोडायच्या पर्यायाला टिक लावायची नाही. बायोडाट्याच्या तळाशी असलेलं ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती हे सगळं वगळलं. आमच्याकडं पुष्कळ नोकरीचे बायोडाटे लग्नाच्या बायोडाट्यातून गोत्र आणि रास काढून तयार झालेले असतात, त्याची ही खूण. रंगीत पीडीएफ टाकून दिली नाही. जिथं फाईल जोडायची जागा आहे तिथं तीच जोडायची. फाईल आधी करून ठेवण्याचा फायदा हा, की फॉर्म उघडून विचार करत बसावं लागत नाही. थोडा वेळ काही केलं नाही की फॉर्म आपणच बाहेर काढतो, आणि आमची वीज कधी जाईल याचा तर नेमच नाही.

फॉर्म शेवटाला आला तेव्हा एकच चौकट उरली, सध्याचा वार्षिक पगार, लाखांत, फक्त आकडा. हिला पगार नव्हता, हजेरी होती. रोज साडेचारशे रुपये, महिन्याला साधारण चोवीस दिवस, वर्षाला दहा महिने. पावसाळ्यात पॅकहाऊस मंदावतं. गुणाकार केला तर १,०८,००० होतात. तिनं `108000` टाइप केलं. चौकट लाखांत होती, म्हणजे कंपनीला दिसलं असतं एक लाख आठ हजार लाख. ते पुसून `1.08` केलं. तरी आकडा बघून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “काका, हे लई कमी दिसायलंय. बारा महिन्यांचं धरू का?” त्या चौकटीत आकड्याशिवाय काही मावत नव्हतं, म्हणून अनुभवाच्या पहिल्या ओळीत ‘रोजंदारी, वर्षाला सुमारे दहा महिने’ हे शब्द आधीच घातले होते. ते मी तिला पुन्हा दाखवले. तिनं ती ओळ वाचली, `1.08` तसंच ठेवलं आणि अपेक्षित पगाराच्या चौकटीत कर्सर नेऊन मला विचारलं, “इथं काय लिहायचं ते मात्र तुम्ही सांगू नका, मी घरी विचारून येते.”